एकट्याचा धंदा, भागीदारी, एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड? नव्या उद्योगाचा प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दादरला बसतो. लहान कारखानदारांच्या नोंदण्या, हिशेब आणि बँकेला द्यायचे प्रोजेक्ट रिपोर्ट हे माझं रोजचं काम. समोर येणारा माणूस बहुतेक वेळा आधी विचारतो, "सर, सगळ्यात स्वस्तात काय होईल?" माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायला हवं की पैसे कोणाचे लागणार आहेत, आणि धंदा बसला तर कोणाच्या दारात वसुलीवाले येणार आहेत.

चारही प्रकार एकाच मापाने मोजता यावेत म्हणून खालची उत्तरं एकाच उदाहरणावर बेतली आहेत. उदाहरण रचलेलं आहे, पण असे लोक मला दर महिन्याला भेटतात.

लालबागच्या नणंद-भावजय रुग्णालयांसाठी चादरी, पेशंटचे गाऊन आणि कर्मचाऱ्यांचे गणवेश शिवायचं ठरवतात. भावजय पंधरा वर्षं कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होती. ती तीन लाखांच्या शिलाई मशिनी आणणार आहे. नणंद ऑर्डरी आणि हिशेब बघेल, तिचे दोन लाख. नणंदेचे मामा नोकरीतून निवृत्त झालेत. ते पाच लाख घालतील, पण रोज कामावर येणार नाहीत. भांडुपला गाळा भाड्याने घ्यायचा, कापड मंगलदास मार्केटमधून ६० दिवसांच्या उधारीवर उचलायचं, आणि रुग्णालयाचा चेक येणार ९० दिवसांनी.

सगळं भावजयीच्या एकटीच्या नावावर सुरू केलं तर काय बिघडतं?

सुरुवात करायला याहून सोपं काही नाही. एकल मालकीला, म्हणजे आपण प्रोप्रायटरशिप म्हणतो तिला, वेगळी नोंदणी देणारा कायदाच नाही. मालकिणीचं पॅन हेच धंद्याचं पॅन. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, म्हणजे आपला गुमास्ता, आणि उद्यम नोंदणी एवढ्यावर चालू खातं उघडतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. जीएसटीची मर्यादा मालविक्रीसाठी वर्षाला ४० लाख रुपये आणि सेवेसाठी २० लाख. रुग्णालयाने स्वतःचं कापड दिलं आणि तुम्ही फक्त शिवून दिलं, तर ती सेवा धरली जाते. शिलाईच्या धंद्यातल्या पुष्कळांना हे उशिरा कळतं.

इथे खरी अडचण माणसांची आहे. एकल मालकीत मालक एकच, त्यामुळे मामांचे पाच लाख भांडवल राहत नाहीत, ते भावजयीने घेतलेलं कर्ज होतं. नणंद भागीदार नसते, पगारी नोकर होते. घरात सगळे म्हणतात "आपलंच आहे", पण कागद तसं म्हणत नाही. उद्या भावजयीचं काही बरंवाईट झालं तर चालू खातं थांबतं, जीएसटी क्रमांक तिच्या पॅनला बांधलेला असतो, आणि रुग्णालयाकडची येणी तिच्या वारसांच्या नावे होतात. नणंदेने आणलेल्या ऑर्डरींचे पैसे मागायला नणंदेलाच हक्क उरत नाही.

पैसा एकाचा, काम एकाचं आणि विक्री बहुतांशी रोखीत, असा धंदा असेल तर मी आजही एकल मालकीच सुचवतो. या तिघांना मात्र सुचवणार नाही.

भागीदारीत मामांचं राहतं घर धोक्यात येतं असं म्हणतात. ते कसं?

हे आकड्यांत बघू. रुग्णालयाची १४ लाखांची ऑर्डर येते. त्यासाठी ९ लाखांचं कापड उधारीवर उचललं जातं. माल पोहोचतो, दोन धुण्यांत कापड आटतं, रुग्णालय सगळा माल परत पाठवतं. कापडवाल्याचे ६० दिवस भरतात. पडेल भावाने माल विकला, मशिनी विकल्या, बँकेतली शिल्लक काढली, तरी जेमतेम ५ लाख जमतात. ४ लाख कमी पडतात.

१९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसोबतही जबाबदार असतो आणि एकटाही. म्हणजे कापडवाला ४ लाखांचे तीन भाग करून तिघांकडे जाईलच असं नाही. ज्याच्याकडे मालमत्ता दिसते त्याला तो गाठेल. नणंद-भावजय भाड्याच्या घरात राहतात आणि मामांचा स्वतःच्या नावावर फ्लॅट आहे. दावा मामांवरच येणार. मामांनी पूर्ण रक्कम भरून मग भाचीकडून आणि तिच्या भावजयीकडून त्यांचा वाटा मागायचा. कायद्याने त्यांना तो मिळतो, पण नात्यात तो मागणार कोण?

मामा कामावर येत नव्हते, त्यांनी कापड पाहिलंही नव्हतं, याने काही फरक पडत नाही. संस्थेच्या नेहमीच्या धंद्यासाठी एका भागीदाराने केलेला व्यवहार सगळ्यांना बांधतो. म्हणून काम न करता नुसते पैसे घालणारा वडीलधारा माणूस सोबत असेल तर साधी भागीदारी त्याच्यासाठी सगळ्यांत वाईट, असं माझं ठाम मत आहे.

हेच एलएलपीमध्ये, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारीत, घडलं तर कापडवाल्याची मजल एलएलपीच्या मालमत्तेपर्यंतच जाते. मामांचे घातलेले पाच लाख बुडतात, पण फ्लॅटला हात लागत नाही. फक्त करारात मामांनी पाच लाख कबूल करून प्रत्यक्षात तीनच भरले असतील, तर उरलेले दोन लाख त्यांच्याकडून मागता येतात. कबूल केलेलं भांडवल वेळेत भरून त्याची बँकेतली नोंद जपून ठेवायची ती यासाठी.

भागीदारीची नोंदणी ऐच्छिक आहे ना? मग कशाला करायची?

ऐच्छिक आहे हे खरं. पण नोंदणी नसलेली संस्था करारातून आलेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावू शकत नाही. बाहेरच्याने मात्र तुमच्यावर खुशाल लावावा.

काही वर्षांपूर्वी दोघे भाऊ माझ्याकडे आले. स्टॅम्पपेपरवर भागीदारीचा करार होता, पॅन होतं, रिटर्न वेळेवर भरलेली होती. एका खरेदीदाराकडे सात लाख अडकले होते. वकिलांनी दावा दाखल केला आणि समोरच्या वकिलांनी पहिल्याच उत्तरात लिहिलं की ही संस्था निबंधकांकडे नोंदलेली नाही. नंतर नोंदणी केली म्हणून आधीचा दावा जिवंत होत नाही. तो सोडून पुन्हा नवा लावावा लागतो, आणि तोही तीन वर्षांची मुदत उलटायच्या आत. त्या दोघांचे मुदतीतले अवघे चार महिने उरले होते. सगळी कागदपत्रं घेऊन आम्ही निबंधकांच्या कार्यालयात किती खेपा घातल्या, ते अजून आठवतं. नवा दावा मुदतीत लागला, पण कसाबसा.

पॅन मिळालं म्हणजे नोंदणी झाली, हा समज फार पसरलेला आहे. तुमच्या हातात भागीदारी संस्था निबंधकांचा नोंदणी दाखला किंवा नोंदवहीचा उतारा नसेल तर तुमची नोंदणी झालेली नाही.

मग एलएलपी केली की सगळे प्रश्न सुटले?

नाही. मर्यादित जबाबदारी कोणापुढे चालते हे बघावं लागतं. कापडवाला, धागेवाला, वाहतूकदार यांच्यापुढे ती चालते. बँकेपुढे बहुधा चालत नाही, कारण बँक कॅश क्रेडिट देताना भागीदारांची वैयक्तिक हमी लिहून घेते. प्रायव्हेट लिमिटेडच्या संचालकांकडूनही घेते. हमीवर सही झाली की त्या रकमेपुरती ढाल गेली. गाळ्याचा मालकही कधीकधी अशी हमी मागतो.

म्हणून या तिघांना मी सांगेन की बँकेशी बोलताना मामांना हमीदार करू नका. ती बोलणी कर्जमंजुरीच्या आधी करायची असतात. मंजुरीपत्र आल्यावर हमीदारांची नावं बदलायला बँक सहसा तयार होत नाही. मामांची हमी दिलीच, तर एलएलपी करून त्यांना मिळालेलं संरक्षण त्या कर्जापुरतं संपलं, हे त्यांना समोर बसवून सांगा. फसवणूक केली किंवा स्वतःच्या हातून चुकीचं कृत्य झालं, तर त्याची जबाबदारी एलएलपीतही अंगावर येतेच.

दुसरी बाजू दरवर्षीच्या कागदांची. एलएलपीला ३० मेपर्यंत वार्षिक विवरण, म्हणजे फॉर्म ११, आणि ३० ऑक्टोबरपर्यंत हिशेब व देणी फेडण्याच्या क्षमतेचं विवरण, म्हणजे फॉर्म ८, भरावा लागतो. वर्षभरात एक रुपयाचा धंदा झाला नसला तरी भरावाच लागतो. उलाढाल ४० लाखांच्या वर किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की एलएलपी कायद्याखालचं ऑडिट येतं. "धंदा सुरूच झाला नाही म्हणून काही भरलं नाही" असं म्हणत येणाऱ्यांच्या डोक्यावर विलंब शुल्काचा बोजा असतो. काम सुरू व्हायला वर्ष लागणार असेल तर एलएलपीची घाई करू नका.

कर कशात कमी लागतो?

इथे लोकांचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकतो. खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे आहेत.

समजा भांडवलावरचं व्याज आणि मालकांचा मोबदला वजा करण्याआधी वर्षाचा नफा १३ लाख २० हजार आहे. भागीदारी असो वा एलएलपी, कराची रीत एकच. १० लाखांच्या भांडवलावर १२ टक्क्यांनी १ लाख २० हजार व्याज वजा होतं, त्यातले ६० हजार मामांचे. उरले १२ लाख. काम करणाऱ्या भागीदारांना द्यायच्या मोबदल्याला मर्यादा आहे. पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के आणि पुढच्या रकमेवर ६० टक्के. म्हणजे ५ लाख ४० हजार अधिक ३ लाख ६० हजार, एकूण ९ लाख. नणंदेला साडेचार, भावजयीला साडेचार. उरलेल्या ३ लाखांवर संस्था ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर भरते, म्हणजे ९३,६०० रुपये. राहिलेला नफा तिघांत वाटला की त्यांच्या हाती त्यावर पुन्हा कर नाही. दोघींचं दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करपद्धतीत त्यांना वैयक्तिक कर शून्य.

आता एकल मालकी धरा. भावजय नणंदेला साडेचार लाख पगार देते, मामांना ६० हजार व्याज देते, तिच्याकडे ८ लाख १० हजार उरतात. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत सवलत असल्याने कर शून्य. म्हणजे या आकारमानाला कराच्या दृष्टीने एकल मालकी सर्वांत स्वस्त, आणि एलएलपी ९३,६०० रुपयांनी महाग. तरीही मी या तिघांना एलएलपीच सांगतो, कारण तो पैसा मामांचं घर आणि नणंदेचा हक्क राखण्यासाठी जातो. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये "कर वाचवण्यासाठी एलएलपी" असं वाक्य मी वाचतो तेव्हा लिहिणाऱ्याने हिशेब मांडलेला नाही हे लगेच कळतं.

यात एक अट आहे. व्याज आणि मोबदला करारात लिहिलेला असेल तरच वजा होतो. एलएलपी करारात त्याबद्दल काही नसेल तर कायद्याचं पहिलं परिशिष्ट लागू होतं. त्यात भागीदाराला कामाचा मोबदला नाही, आणि नफा सगळ्यांत समान. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात दिलेला मोबदला आणि व्याज मिळून २० हजारांच्या वर गेलं की संस्थेने १० टक्के टीडीएस कापायचा आहे. घरातल्या घरात पैसे वळवणारे हे नेमकं विसरतात.

प्रायव्हेट लिमिटेड कधी घ्यावी?

बाहेरचा गुंतवणूकदार पैसे घालून मालकीत हिस्सा मागणार असेल तेव्हा. कंपनीत शेअर असतात. हिस्सा देणं, विकणं, वेगवेगळ्या अटींचे शेअर काढणं, कर्मचाऱ्यांना शेअर देणं हे सगळं तिथे रुळलेलं आहे. एलएलपीत शेअर नसतात, त्यामुळे गुंतवणूकदार सहसा तिकडे वळत नाही. केवळ स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यता हवी म्हणून कंपनी काढायची गरज नाही. ती मान्यता एलएलपीला आणि नोंदलेल्या भागीदारीलाही मिळते, एकल मालकीला मिळत नाही.

कंपनीचा कर २२ टक्क्यांचा पर्याय घेतला तर अधिभार आणि उपकर धरून सुमारे २५.१७ टक्के पडतो. हा दर पाहून लोक हुरळतात. पण कंपनीतला नफा लाभांश म्हणून घरी आणला की तो घेणाऱ्याच्या उत्पन्नात पुन्हा मोजला जातो. नफा धंद्यातच ठेवून वाढवायचा असेल तर हा दर कामाचा. दर महिन्याला घर चालवायला पैसा काढायचा असेल तर त्याचा फायदा फारसा उरत नाही.

ऑडिट पहिल्या वर्षापासून, उलाढाल कितीही असो. भांडवल भरून धंदा सुरू केल्याची घोषणा स्थापनेपासून १८० दिवसांत. दरवर्षी वार्षिक सभा, हिशेब आणि विवरणपत्र. ते भरायला उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, आणि ते नातेवाइकाच्या सांगण्यावरून नुसती सही केलेल्या संचालकालाही लागू होतं.

मराठी घरांत आणखी एका ठिकाणी पाय अडकतो. "शेजारच्या काकांनी दोन लाख हातउसने दिले" हे एकल मालकीत चालून जातं. कंपनीने बाहेरच्या व्यक्तीकडून घेतलेलं असं कर्ज ठेव मानलं जातं आणि ठेवींचे नियम कडक आहेत. संचालकाकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून घेता येतं, पण हे पैसे आपले स्वतःचे आहेत, दुसऱ्याकडून उसने घेतलेले नाहीत, असं त्याने लिहून द्यावं लागतं. उलट दिशेनेही तसंच. कंपनीच्या खात्यातून मुलीच्या लग्नाला तीन लाख "काढले" तर ती मालकाची उचल होत नाही. कंपनी तुमची असली तरी तिचा पैसा तिचा.

पागडीच्या घराचा पत्ता कंपनीला किंवा एलएलपीला देता येतो का?

देता येतो, पण कागद जुळले पाहिजेत. नोंदणीकृत कार्यालयासाठी दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल किंवा तसंच दुसरं बिल आणि जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याचं संमतीपत्र लागतं. लालबाग, गिरगाव, परळच्या चाळींत बिल आजोबांच्या नावावर असतं, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात आणि भाडेपावती काकांच्या नावावर फिरते. संमतीपत्रावर सही करणारा आणि बिलावरचं नाव वेगळं दिसलं की अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. अर्ज टाकायच्या आधीच बिलावरचं नाव बदलून घ्या. ते जमत नसेल तर भाड्याच्या गाळ्याचा नोंदलेला करार आणि गाळामालकाचं संमतीपत्र वापरा. आमच्या उदाहरणात भांडुपचा गाळाच पत्ता म्हणून द्यावा.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हा भाग कसा लिहायचा?

बहुतेक रिपोर्टांत एकच ओळ सापडते: "संस्थेचे स्वरूप: एलएलपी." त्यावरून बँकेच्या अधिकाऱ्याला काही कळत नाही. त्याला हवं असतं की पैसा कोणाचा, सही कोणाची, काम कोण करणार, हेच स्वरूप का, आणि आज कागद कुठपर्यंत आलेत. आमच्या उदाहरणासाठी मी असं लिहीन:

"हा उद्योग तीन भागीदारांची मर्यादित दायित्व भागीदारी म्हणून चालेल. एकूण भांडवल १० लाख रुपये. पहिल्या भागीदार (उत्पादन) यांचे ३ लाख मशिनींच्या रूपाने, दुसऱ्या भागीदार (विक्री व हिशेब) यांचे २ लाख रोख, तिसरे भागीदार यांचे ५ लाख रोख. पहिले दोघे नामनिर्देशित भागीदार असून दैनंदिन काम पाहतील. तिसरे भागीदार दैनंदिन कामात भाग घेणार नाहीत. ५० हजार रुपयांपर्यंतच्या खरेदीवर एका नामनिर्देशित भागीदाराची सही चालेल, त्यापुढे दोघांची लागेल. कच्चा माल ६० दिवसांच्या उधारीवर आणि येणी ९० दिवसांनी असल्याने व्यापारी देणी मोठी राहतील. काम न करणाऱ्या भागीदाराची वैयक्तिक मालमत्ता या देण्यांपासून वेगळी राहावी म्हणून हे स्वरूप निवडले आहे. बँक कर्जासाठी पहिले दोन भागीदार वैयक्तिक हमी देण्यास तयार आहेत. नाव मंजूर झाले असून स्थापनेचा अर्ज दाखल केला आहे. करार स्थापनेनंतर ३० दिवसांत नोंदवला जाईल."

हमीचं वाक्य मी मुद्दाम घालतो. ते आधीच लिहिलेलं असलं की बँकेत बसल्यावर मामांच्या सहीची मागणी सहज पुढे येत नाही, आणि आली तरी बोलायला जागा राहते. शेवटच्या दोन वाक्यांत मात्र जेवढं खरंच झालंय तेवढंच लिहा. नाव मंजूर नसेल तर "अर्ज केला आहे" म्हणा.

आता महत्त्वाचं म्हणजे हे वर्णन आणि मागच्या पानावरचे आकडे एकमेकांशी बोलले पाहिजेत. एकल मालकीत मालकिणीने घरी नेलेला पैसा ही उचल असते, तो खर्चात येत नाही. एलएलपीत मोबदला खर्चात येतो, कंपनीत संचालकाचा पगार खर्चात येतो. म्हणून तोच धंदा एका स्वरूपात ८ लाख १० हजार नफ्याचा दिसतो आणि दुसऱ्यात ३ लाखांचा. मी असे रिपोर्ट पाहिलेत ज्यांत पहिल्या पानावर प्रायव्हेट लिमिटेड आहे आणि नफ्या-तोट्याच्या तक्त्यात संचालकांचा पगारही नाही, ऑडिटची फीही नाही. दुसऱ्याच कोणाचा तक्ता उचलून जोडलाय हे अधिकाऱ्याला तिथेच कळतं. ताळेबंदातही बघा. मामांचे पाच लाख वर्णनात भांडवल असतील आणि ताळेबंदात "असुरक्षित कर्ज" म्हणून असतील, तर बँक तुमचं स्वतःचं भांडवल निम्मंच धरेल.

आता एकल मालकी करू आणि पुढे बदलू, असं चालेल का?

चालतं, पण फुकट होत नाही. पॅन बदलतं, म्हणून जीएसटी क्रमांक नवा, चालू खातं नवं. रुग्णालयाच्या पुरवठादार यादीत पुन्हा नाव नोंदवावं लागतं, आणि मोठ्या रुग्णालयात त्यालाच दोन-तीन महिने जाऊ शकतात. जुन्या जीएसटी खात्यातलं शिल्लक क्रेडिट `ITC-02` फॉर्म भरून नव्या खात्यात न्यावं लागतं, ते आपोआप येत नाही.

भागीदारीची एलएलपी करता येते, पण बदलाच्या आधीच्या देण्यांसाठी भागीदार वैयक्तिक जबाबदार राहतात. शिवाय पुढचे १२ महिने संस्थेच्या पत्रव्यवहारावर हा बदल झाल्याचं लिहावं लागतं. कापडाची उधारी थकल्यावर घाईने एलएलपी करायला येणाऱ्यांना मी हेच सांगतो: त्या उधारीला याचा उपयोग नाही.

पुढे बदलायचा विचार असेलच तर रिपोर्टमध्ये कधी आणि कशामुळे ते लिहा. "योग्य वेळी कंपनी करू" याला अर्थ नाही. "बाहेरून भांडवल घ्यायचं ठरलं तर प्रायव्हेट लिमिटेडमध्ये रूपांतर करू, त्याचा खर्च तिसऱ्या वर्षाच्या अंदाजात धरला आहे" याला आहे.

कंपनी किंवा एलएलपी केली की नाव आपलं झालं का?

तेच किंवा फार जवळचं नाव दुसऱ्या कंपनीला किंवा एलएलपीला मिळत नाही, एवढंच. चादरीवर शिवायच्या लेबलसाठी ट्रेडमार्क वेगळा घ्यावा लागतो. ऑनलाइन अर्जाची फी एकट्या व्यक्तीला, मान्यताप्राप्त स्टार्टअपला आणि उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. उद्यम नोंदणी आधी करून घ्या.

मामांनी दोन वर्षांनी पैसे परत मागितले तर?

याचं उत्तर करारात आधी लिहिलेलं असेल तरच ते सोपं आहे. बाहेर पडायची सूचना किती दिवस आधी, हिस्स्याची किंमत कोणत्या तारखेच्या ताळेबंदावरून, मशिनी कोणत्या भावाने धरायच्या, रक्कम एकदम की हप्त्यांनी, हे चार मुद्दे ठरवा. आमच्या उदाहरणात मी ९० दिवसांची सूचना आणि सहा तिमाही हप्ते सुचवेन, कारण रुग्णालयाचे पैसे येईपर्यंत या धंद्यात रोकड नसते आणि पाच लाख एकदम काढले तर पुढच्या ऑर्डरीचं कापड येणार नाही. मामा गेले तर त्यांचा हिस्सा कोणाला, किती दिवसांत, हेही त्याच कलमात. एलएलपी भागीदाराच्या जाण्याने संपत नाही, पण मामींना कोणाकडे पैसे मागायचे हे माहीत असायला हवं. हे वाचायला मामींनाही त्या दिवशी ऑफिसात बोलवा. मी बोलावतो.